उसळीची वाटी आणि साखरेचा आकडा

प्रश्न : माझं वय ५८. अकोल्याच्या जुन्या शहरात राहते. नऊ-दहा वर्षांपासून मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी सकाळी घेते. श्रावणातले सोमवार लग्न झाल्यापासून धरते. त्या दिवशी आठ वाजता चहाबरोबर गोळी घेते, राजराजेश्वराचं दर्शन करून येते, घरचं आवरते आणि एकच्या सुमारास साबुदाण्याची उसळ खाते. माझ्या एकटीच्या उसळीत एक वाटी साबुदाणा, एक मोठा आलू, दोन चमचे दाण्याचा कूट आणि वरून सांभार असतो. सोबत एक केळं. अकरा वाजता मात्र घाम फुटतो, हात थरथरतात. उसळ खाल्ली की बरं वाटतं. मागच्या सोमवारी मुलाने जेवणानंतर दोन तासांनी मशीनवर साखर पाहिली तर २६८ निघाली. एरवी भाकरी-भाजी खाऊन ती १७०च्या आसपास असते. उसळीत मी साखर टाकत नाही, दुपारी एकदाच खाते, मग इतकी कशी वाढली? मुलगा म्हणतो साबुदाणा बंद कर, सून म्हणते भगर खा. मी काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही २६८च्या आकड्याने घाबरलात. मला मात्र तुमच्या पत्रातली अकरा वाजताची थरथर जास्त काळजीची वाटते, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

तुमच्या गोळीतले दोन घटक वेगवेगळ्या रीतीने काम करतात. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा साखर फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न आलं आहे की नाही याची वाट पाहत नाही. म्हणूनच ती गोळी दिवसाच्या पहिल्या पोटभर खाण्याबरोबर घ्यायची असते. एरवी आठच्या गोळीपाठोपाठ तुमचा नाश्ता होतो. सोमवारी मात्र गोळी आठला आणि अन्न एकला. मधले पाच तास इन्शुलिन काम करतंय आणि त्याला देण्यासारखं पोटात कपभर चहाखेरीज काही नाही, त्यात मंदिरापर्यंतचं चालणं आणि रांगेत उभं राहणं. घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी लागलेली भूक ही साखर खाली आल्याची लक्षणं आहेत. पुढच्या वेळी असं झालं तर आधी मशीनवर बघा. आकडा ७०च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसेल, तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्या, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, आणि आकडा तरीही ७०च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा घ्या. घरात ग्लुकोज नसेल तर साधी साखर चालते, पण गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव असेल तर नाही. ही औषधं साखरेचं पचन लांबवतात, त्यामुळे साखरेचं पाणी पिऊनही थरथर लवकर थांबत नाही. तिथे ग्लुकोजच लागतं.

अशा वेळी उसळ हा उपाय नव्हे. तेल-कुटामुळे ती पोटातून सावकाश पुढे सरकते, म्हणजे गरज आहे तेव्हा कमी पडते आणि नंतर लागेल त्याहून कितीतरी जास्त साखर रक्तात ओतते. शिवाय साखर खाली गेली की शरीर स्वतःच ॲड्रेनालिन आणि ग्लुकागॉन सोडून ती वर ढकलू लागतं. तुमच्या २६८मध्ये अकरा वाजताच्या त्या घसरणीचाही थोडा वाटा असू शकतो.

आता साबुदाण्याकडे येऊ. साबुदाणा बहुतांशी तामिळनाडूच्या सेलम भागात तयार होतो. तिथल्या उत्पादकांची १९८१ साली स्थापन झालेली ‘सागोसर्व्ह’ ही सहकारी संस्था त्याचा व्यापार सांभाळते. टॅपिओका नावाचा कंद सोलून, धुऊन वाटतात. त्याचं दूध गाळून घेतात आणि टाक्यांत निवळू देतात. गाळताना चोथा बाजूला निघतो, निवळलेल्या पाण्याबरोबर कंदातली थोडीफार प्रथिने वाहून जातात आणि तळाला पांढराशुभ्र स्टार्च उरतो. त्या ओलसर स्टार्चचे हलवून हलवून दाणे करतात, ते तापलेल्या तव्यावर परततात आणि वाळवतात. म्हणून १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ते ८८ ग्रॅम कर्बोदकेच असतात. प्रथिने जेमतेम ०.२ ग्रॅम, तंतू जवळजवळ नाहीत. ज्वारीच्या दाण्यात स्टार्चभोवती कोंडा आणि प्रथिनांचं वेष्टन असतं, पचनरसांना ते भेदत जावं लागतं. साबुदाण्यातलं ते वेष्टन कारखान्यातच उतरलेलं असतं. तो भिजला, वाफवला की दाणा पारदर्शक होतो, म्हणजे आतला स्टार्च फुगून मोकळा झालेला असतो. पचनरसांना त्याचं ग्लुकोज करायला फारसा वेळ लागत नाही. तुम्ही वरून साखर टाकली नाहीत हे खरं, पण स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी.

आता तुमच्या ताटाचा हिशेब करू. आपल्याकडची मध्यम वाटी साधारण १५० मिलिलिटरची असते. ती सपाट भरली तर ९५ ते १०० ग्रॅम कोरडा साबुदाणा मावतो, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम कर्बोदके. मोठ्या आलूचे २५, केळ्याचे २५, कुटाचे तीनेक. एका बैठकीत जवळपास १४० ग्रॅम. याउलट तुमचं रोजचं जेवण दोन भाकरी, वाटीभर वरण आणि भाजी असं धरलं, तर भाकरीच्या १०० ग्रॅम पिठाचे ६८ आणि बाकीचे पंधरा मिळून ८३-८४ होतात. शिवाय त्या भाकरीबरोबर दहा ग्रॅम तंतू आणि तेवढीच प्रथिने येतात. उसळ दिसायला आणि पोटाला हलकी वाटते खरी, पण तुमच्या त्या ताटात चार भाकरींची कर्बोदके होती. सगळं ताट मिळून प्रथिने आठ-नऊ ग्रॅम, तीही कूट आणि आलूमुळेच. १७० आणि २६८ यांतला फरक इथून आला.

म्हणून मुलाचं म्हणणं मी पूर्ण मानत नाही. साबुदाणा बंदच करा असं मी सांगणार नाही, त्याची जागा मात्र बदला. आज तो ताटाचा पाया आहे आणि शेंगदाणे वरून भुरभुरलेले. येत्या सोमवारपासून शेंगदाणे आणि दही हा पाया करा आणि साबुदाणा चवीपुरता ठेवा. तो असा :

कोरडा साबुदाणा ३० ग्रॅम घ्या. पहिल्या वेळी किराणा दुकानातल्या काट्यावर किंवा घरच्या काट्यावर खरोखर मोजा आणि तो तुमच्या वाटीत कुठवर येतो हे लक्षात ठेवा. साधारण वाटीचा तिसरा हिस्सा होतो. मोजायचं भिजवण्याआधी, कारण भिजलेला साबुदाणा जवळपास दुप्पट वजनाचा होतो आणि अंदाज चुकतो. त्याच्या बरोबरीने, म्हणजे ३० ग्रॅमच, भाजलेले शेंगदाणे घ्या. अर्ध्याचा जाडसर कूट करा, अर्धे अख्खे ठेवा, म्हणजे चावून खाल्ले जातील. आलू काढून टाका. उसळीला भर आणायची असेल आणि तुमच्या घरी कोहळं उपासाला चालत असेल, तर अर्धी वाटी किसलेलं कोहळं जिरे-मिरचीच्या फोडणीत आधी वाफवून घ्या आणि मग साबुदाणा परता. एक चमचा तेल किंवा तूप पुरतं. बाजूला एक वाटी दही आणि एका काकडीची कोशिंबीर.

खाण्याचा क्रमही बदला. आधी दही-काकडी खा, दहा मिनिटांनी उसळ. प्रथिने आणि भाजी आधी पोटात गेली की मागून येणारा स्टार्च हळू पुढे सरकतो आणि जेवणानंतरची साखर कमी चढते. हे वेगवेगळ्या देशांत मधुमेहींवर करून पाहिलेलं आहे. या ताटाची बेरीज पन्नास ग्रॅम कर्बोदकांच्या आत बसते आणि प्रथिने तेरा-चौदा ग्रॅमपर्यंत जातात. भूक राहिली तर दुसरी वाढ उसळीची नको, ५० ग्रॅम पनीर घ्या. त्यातून आणखी आठ-नऊ ग्रॅम प्रथिने मिळतात. केळं उसळीसोबत नको. फळ हवंच असेल तर दुपारी चारच्या सुमारास एक पेरू खा. शेंगदाणेही मूठमूठ खायची वस्तू नाही. ३० ग्रॅममध्ये १७० कॅलरी असतात. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी शेंगदाणे आणि पनीर वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आणि इथे एक धोका आहे, तो नीट वाचा. कर्बोदके १४०वरून पन्नासवर आणली आणि गोळी मात्र पूर्वीसारखीच आठ वाजता घेतली, तर अकराची थरथर जेवणानंतरही येऊ शकते. ताट बदलण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि सरळ विचारा : सोमवारी माझं पहिलं खाणं एकला आहे, तर गोळी तेव्हा घेऊ का, आणि मात्रा तीच ठेवू की कमी करू? हा निर्णय त्यांचा. स्वतःच्या मनाने गोळी अर्धी करू नका आणि टाळूही नका. डॉक्टरांनी सकाळी काही खायला सांगितलं तर वाटीभर दही आणि थोडे दाणे हा फराळच आहे, उपास मोडत नाही.

खरं-खोटं मशीनच सांगेल. नव्या ताटाच्या दिवशी पहिल्या घासाआधी एकदा बघा, मग पहिल्या घासापासून एक तासाने, दोन तासांनी आणि तीन तासांनी. चौथी चाचणी जास्तीची वाटेल, पण या ताटात चरबी आणि प्रथिने जास्त असल्यामुळे साखरेचा चढ उशिरा येतो. दोन तासांचा आकडा छान आला आणि तीन तासांचा त्याहून वर गेला, असं होऊ शकतं. तसं झालं तर तेल किंवा दाणे जास्त झाले असं समजा. जेवणानंतरचा सर्वांत मोठा आकडा १८०च्या आत राहावा हे बहुतेक प्रौढांसाठीचं उद्दिष्ट आहे. तुमच्यासाठी डॉक्टरांनी वेगळं ठरवलं असेल तर ते पाळा. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. केळं सोललेल्या बोटाला लागलेली साखरसुद्धा मशीन मोजतं आणि आकडा फुगवतं. एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, दोन-तीन सोमवार वहीत लिहा. जेवणानंतर अंगणात किंवा गच्चीवर पंधरा मिनिटं चाललात तर त्याचाही फरक त्याच वहीत दिसेल.

सोमवारचा उपास संध्याकाळी सुटतो, तेव्हा दिवसभराची भूक एका ताटात भरून काढू नका. एकादशीला तर दोन्ही वेळ फराळ असतो आणि ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे मधुमेहीच्या बाबतीत अक्षरशः खरं ठरतं. दुपारी उसळ झाली असेल तर रात्री साबुदाणा नकोच.

काही सासवांना, आजींना वाटतं की ताटातला साबुदाणा कमी केला की उपासाला कमीपणा येतो. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की साबुदाण्याचा कंद, आलू, मिरची आणि शेंगदाणा हे चारही मुळात अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आल्यानंतर गेल्या चार-पाच शतकांत ते आपल्याकडे पोचले. शिवरात्रीचा आणि एकादशीचा उपास त्याहून कितीतरी जुना आहे. आपल्याच पूर्वजांनी हे पदार्थ फराळात घेतले, तर आपण त्यांचं प्रमाण बदलू शकतो.

सूनबाईंच्या भगरीचं उत्तर पुढच्या प्रश्नात आलं आहे, कारण अमरावतीहून तोच प्रश्न आला आहे.

प्रश्न : वय ५२, अमरावती. नवरात्राचे नऊ दिवस उपास करतो, रोज अंबादेवी आणि एकवीरादेवीच्या दर्शनाला जातो. साबुदाणा सोडून भगर आणि राजगिरा सुरू केला, तरी साखर म्हणावी तशी उतरली नाही. यंदा डॉक्टरांनी मेटफॉर्मिनसोबत डॅपाग्लिफ्लोझिन सुरू केलं आहे. पहिले दोन दिवस फक्त पाण्यावर राहायचा विचार आहे.

उत्तर : भगर साबुदाण्यापेक्षा निश्चित बरी. आपल्याच जिल्ह्यात मेळघाटातले कोरकू शेतकरी जी कुटकी पिकवतात, त्याच जातीचं हे बारीक धान्य आहे. १०० ग्रॅममध्ये कर्बोदके ६५च्या आसपास, प्रथिने आठ-नऊ ग्रॅम, शिवाय तंतू. पण बाजारातली पांढरी, घासून गुळगुळीत केलेली भगर घेतली तर तंतू बरेचसे गेलेले असतात. जिच्यावर थोडा कोंडा शिल्लक आहे अशी, किंचित करडी दिसणारी भगर मिळाली तर ती घ्या. आणि भगर भातासारखी वाढली जाते, तिथे घोटाळा होतो. चौपट पाण्यात ती इतकी फुलते की दोन-तीन वाट्या सहज संपतात. कोरडी ४० ग्रॅम मोजा, म्हणजे सव्वीस-सत्तावीस ग्रॅम कर्बोदके, आणि तिच्यावर दाण्याची आमटी भरपूर घाला. त्या आमटीत गूळ पडत असेल तर तो थांबवा. सुटी, जुनी, कुबट वासाची भगर किंवा तिचं दळून ठेवलेलं पीठ टाळा. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दर सणाला येतात, त्याचं एक कारण साठवणीत लागलेली बुरशी असते.

राजगिऱ्याचंही रूप महत्त्वाचं आहे. ४० ग्रॅम पिठाची भाकरी किंवा थालीपीठ चांगलं, त्यात पाच-साडेपाच ग्रॅम प्रथिने मिळतात. लाह्यांचं तसं नाही. दाणा फुटला की त्यातला स्टार्च इतका मोकळा होतो की साखर झपाट्याने चढते. राजगिऱ्याच्या लाडवात तर लाह्या आणि गूळ एकत्र आले. तुमची साखर उतरली नाही याचं कारण मी तिथे शोधेन.

दोन दिवस फक्त पाण्यावर राहण्याचा विचार मात्र सोडून द्या. डॅपाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढतं. ते चालू असताना अन्न बंद झालं तर शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात आम्ल साचू शकतं. मशीनवरचा आकडा दोनशेच्या आत असतानाही हे होतं, म्हणून तो फसवा ठरतो. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप, विलक्षण थकवा अशी लक्षणं दिसली तर आकडा कितीही चांगला असो, तडक दवाखान्यात जा आणि ‘डॅपाग्लिफ्लोझिन घेतो, उपास आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. कडक उपास करायचाच असेल तर औषध किती दिवस आधी थांबवायचं हे घटस्थापनेच्या निदान आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : तळलेला साबुदाणा वडा उसळीपेक्षा कमी साखर वाढवतो आणि रात्रीची थंड उसळ सकाळी खाल्ली तर साखर वाढतच नाही, हे खरं का? (परतवाडा)

उत्तर : वड्यात साबुदाणा आणि आलू दोन्ही असतात. तेलामुळे साखर उशिरा चढते, पण बराच वेळ वर राहते. दोन तासांनी तपासणाऱ्याला ती दिसत नाही इतकंच. थंड केल्यावर स्टार्चचा काही भाग पचायला अवघड होतो हे भात आणि आलूच्या बाबतीत थोडंफार खरं आहे. साबुदाण्याच्या स्टार्चमध्ये असा बदल घडवणारा अमायलोज नावाचा भाग कमी असल्यामुळे त्यावर विसंबू नये.

शेवटी सगळ्याच वाचकांना विनंती. इन्शुलिन घेणारे, विशेषतः सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्शुलिन घेणारे, गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेले, पायाला जखम असलेले आणि गेल्या महिन्याभरात साखर कमी होऊन भोवळ आलेले, यांनी या लेखातलं कुठलंही ताट आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उपासाला वाढून घेऊ नये. बाकीच्यांनी श्रावण लागायच्या आधी गोळ्यांचं पाकीट आणि उपासाच्या तारखा घेऊन एकदा डॉक्टरांकडे जाऊन यावं.